गॅपला एक वाक्य

प्रिय,

तुझा मसुदा वाचला. रिक्रूटरला पाठवायच्या चौदा ओळी, आणि त्यातल्या नऊ ओळी नोकरीतल्या गॅपवर. आईचं निदान, दवाखान्याच्या फेऱ्या, भावाला परदेशातून येता न येणं, मधेच घेतलेला आणि अर्धवट सोडलेला कोर्स, आणि शेवटी "मला कल्पना आहे की एवढा मोठा खंड अडचणीचा ठरू शकतो". तू पाच वर्षं पेमेंटच्या सॉफ्टवेअरचं टेस्टिंग केलंस हे मला अकराव्या ओळीत कळलं. मी तुला ओळखते म्हणून तिथवर पोचले. रिक्रूटर पोचणार नाही.

गॅपला एक वाक्य. हे पत्र कितीही लांबलं तरी सांगायचं एवढंच आहे.

आता तू विचारशील की मग उल्लेखच कशाला करायचा, सीव्हीवर तारखा आहेतच. असा सल्ला देणारे पुष्कळ आहेत. मी नोकरभरतीच्या बाजूने बरीच वर्षं बसले आहे, म्हणून तिकडे काय होतं ते सांगते. रिक्रूटर तुला नोकरी देत नाही. तो तुझं नाव हायरिंग मॅनेजरकडे पुढे पाठवतो, आणि मॅनेजर सीव्हीवर नजर टाकून पहिला प्रश्न विचारतो, "हा चार वर्षं काय करत होता?" रिक्रूटरकडे त्याचं तयार उत्तर असेल तर नाव पुढे सरकतं. नसेल तर त्याला आधी तुला फोन करून विचारावं लागतं, आणि यादीत ज्याच्याबद्दल काही विचारावं लागत नाही असा माणूस तुझ्या खालीच असतो. म्हणून ते वाक्य त्याला जसंच्या तसं उचलून पुढे चिकटवता आलं पाहिजे. नऊ ओळी कोणी चिकटवत नाही. तुझ्या आईच्या तपासण्यांचे तपशील तर त्याने पुढे पाठवूही नयेत.

आणखी एक. तू प्रत्येक ओळीत "का" याचं उत्तर देतो आहेस. समोरच्याला त्यात फारसा रस नसतो. त्याला दोन शंका असतात: हे पुन्हा होईल का, आणि याचा हात अजून चालतो का. पहिलीचं उत्तर गॅपच्या वाक्यात येतं, दुसरीचं त्याच्या पुढच्या वाक्यात. त्यामुळे गॅपच्या वाक्यात तीनच गोष्टी हव्यात: कोणती वर्षं, कारणाचा प्रकार, आणि ते आता मिटलं आहे. कारणाचा प्रकार म्हणजे "घरातलं आजारपण", एवढंच. कोणाचं, कोणतं, किती गंभीर, हे नको. माफी नको, "दुर्दैवाने" नको, आणि या काळात मी संयम शिकलो वगैरे तर अजिबात नको. त्या वाक्यावर मी स्वतः कितीदा डोळे फिरवले आहेत ते तुला सांगत नाही.

मी असं लिहीन:

"नमस्कार. तुमच्याकडच्या ऑटोमेशन टेस्टरच्या जागेसाठी लिहितो आहे. पेमेंट व्यवहारांच्या सॉफ्टवेअरचं टेस्टिंग मी पाच वर्षं केलं. शेवटची दोन वर्षं सेलेनियममधल्या रिग्रेशन टेस्टची जबाबदारी माझ्याकडे होती. २०२१ ते २०२५ घरातल्या आजारपणामुळे नोकरी थांबवली होती; ती जबाबदारी आता संपली आहे. सध्या प्लेराइटवर काम करतो आहे. एका ओपन सोर्स प्रकल्पासाठी लिहिलेल्या टेस्ट सोबतच्या लिंकवर आहेत. लगेच रुजू होऊ शकतो. या आठवड्यात दहा मिनिटं बोलता येईल का?"

क्रम बघ. आधी जागा, मग काम, मग गॅप, आणि गॅपला लागूनच ताजा पुरावा. गॅपवर वाक्य संपवून तिथे कधी थांबायचं नाही. तू पुराव्याच्या जागी कोर्सचं प्रमाणपत्र टाकलं होतंस, ते मी काढलं. प्रमाणपत्रावरून तू व्हिडिओ बघितलेस एवढं कळतं. तू लिहिलेली टेस्ट उघडून वाचता येते, चुकली कुठे आणि पकडलं काय ते दिसतं. अशा टेस्ट अजून दोनच आहेत म्हणालास ना? मग आधी हे वाढव. तोवर मेसेज पाठवायची घाई नको.

"संपली आहे" हे मात्र खरं असेल तरच लिही. आईचं दुखणं पुन्हा उलटण्यासारखं असेल तर "आता दुसरी सोय झाली आहे, पूर्णवेळ काम करू शकतो" असं लिही. आठवड्यातला एखादा दिवस तिच्यासाठी लागणार असेल तर ते पहिल्या फोनवर सांग. रुजू झाल्यावर सांगू नकोस.

लिंक्डइनवर करिअर ब्रेक अशी वेगळी नोंद करता येते. त्यात घरच्यांची देखभाल हा प्रकार निवड, वर्षं टाक आणि वर्णनात तेच एक वाक्य ठेव. कनेक्शनच्या विनंतीसोबतच्या नोटमध्ये जागा फार तर ३०० अक्षरांची असते, तिथे "२०२१–२५ घरातलं आजारपण, आता उपलब्ध" एवढं पुरे. जिथे जाशील तिथे वाक्य तेच. मेसेजमध्ये एक, प्रोफाइलवर दुसरं आणि फोनवर तिसरं झालं की माणूस कान टवकारतो.

फोनवर तो विचारेलच, "नक्की काय झालं होतं?" तेव्हाही तेच वाक्य, आणि लगेच "आता टेस्टबद्दल सांगू का?" तू म्हणालास की हे तुसडं वाटतं. मलाही लोक तुसडीच म्हणाले. माझ्या स्वतःच्या गॅपनंतर एका मुलाखतीत समोरचे गृहस्थ चारदा त्याच विषयावर आले आणि मी चारही वेळा तेच वाक्य म्हटलं. ती नोकरी मिळाली नाही. चांगली होती, तिची हळहळ अजून वाटते, विशेषतः तिथल्या टीमची. पण पाचव्या वेळी काय सांगायचं होतं? ज्या घटनेबद्दल मी माझ्या बहिणीशीही नीट बोलले नव्हते, ती एका अनोळखी माणसाच्या नोंदवहीत जायला हवी होती का? कोणी म्हणेल की मी हट्टाला पेटले. असेन. त्या नोंदवहीत आजही काही नाही, आणि मला ते बरं वाटतं.

तुझं दुःख लहान आहे असं मी म्हणत नाही. त्या नऊ ओळी वाचताना मलाही थांबावं लागलं. त्या मला लिही, हव्या तितक्या लांब लिही. रिक्रूटरला एक.

तिसऱ्या परिच्छेदातलं "या काळात फ्रीलान्स कामं केली" हेही काढ. शेजारच्या दुकानाची वेबसाइट एकदा तपासून दिलीस, त्याला फ्रीलान्स म्हणत नाहीत. कोणी बिलं मागितली तर काय दाखवशील?

आणि सीव्हीवर शेवटची नोकरी जून २०२१ पर्यंत आहे, मसुद्यात मार्च २०२१ म्हटलं आहेस. राजीनामा मार्चमध्ये दिलास आणि नोटीस पिरियड जूनमध्ये संपला, असं असणार. पडताळणीत कामाचा शेवटचा दिवस बघतात. रिलीव्हिंग लेटर काढ, त्यावरचीच तारीख दोन्हीकडे घाल, आणि मग मला पुन्हा पाठव.