हलकी म्हणजे जुनी नव्हे: मिरीचा ताजेपणा वजन, वास आणि फोड यांवरून ओळखणे

प्रश्न (सावंतवाडी तालुक्यातील एक बागायतदार): "यंदाची मिरी लिटरच्या मापाने ४८० ग्रॅम भरते आणि गेल्या वर्षीची घरात राहिलेली ५५० ग्रॅम. व्यापारी म्हणतो, हलकी ती जुनी, आणि यंदाच्या मिरीलाच भाव कमी सांगतो. वजन, वास आणि फोडून पाहणे यांवरून ताजी मिरी नक्की कशी ओळखावी?"

उत्तर: मापाने केलेले वजन दाण्याचा भरीवपणा सांगते, वय सांगत नाही. भरीव, पक्व मिरीचे लिटरचे वजन साधारण ५५० ग्रॅम किंवा त्याहून अधिक असते आणि ५०० ग्रॅमच्या खाली आले की त्यात पोचट दाण्यांचे प्रमाण वाढलेले आहे असे समजावे. दाणे पोचट होण्याची कारणे मात्र दोन आहेत. घोस कोवळे असताना उतरवले, तर आतला गर भरलेला नसतो आणि वाळताना दाणा पोकळ राहतो. दुसरे कारण साठवणीतील किडीचे, जी दाणा आतून पोखरते. पहिली मिरी ताजी असूनही हलकी भरते, तर दुसरी जुनी झाल्यामुळे हलकी होते. यांतले आपले कारण कोणते, हे तराजूवर कळत नाही. त्यासाठी दाणे हातात घेऊन पाहावे लागतात. टाचणीने टोचल्यासारखी छिद्रे आणि पोत्याच्या तळाशी साठलेला बारीक भुगा ही किडीची खूण आहे. छिद्र नाही, पण दाणा बारीक, फार सुरकुतलेला आणि फोडल्यावर आत पोकळ निघाला, तर ती कोवळ्या तोडणीची मिरी समजावी. माकडे, पक्षी किंवा मजुरांची अडचण यामुळे कोकणात पुष्कळ ठिकाणी घोस घाईने उतरवले जातात. आपल्या यंदाच्या मिरीत छिद्रे नसतील, तर तिच्या हलकेपणाचे कारण बहुधा हेच असावे.

जुन्या मिरीचे वजन का टिकले, हेही समजून घ्यावे. मिरीचा सुगंध तिच्यातील उडनशील तेलात असतो आणि हे तेल वजनाच्या साधारण २ ते ४ टक्केच असते. समजा, ११ टक्के ओलाव्याच्या एक किलो मिरीत ३० ग्रॅम तेल होते आणि वर्षभरात त्यातले निम्मे उडाले, तर वजनात घट फक्त १५ ग्रॅमची झाली. तीच मिरी आपल्या पावसाळ्यात उघड्या पोत्यात राहून तिचा ओलावा १४ टक्क्यांवर गेला, तर ८९० ग्रॅम कोरड्या भागावर सुमारे ३५ ग्रॅम पाणी वाढते. म्हणजे निम्मा सुगंध गेलेली मिरी तराजूवर उलट थोडी जडच भरते. म्हणून दोन लॉटची तुलना करण्याआधी दोन्ही एकाच दिवशी, सारख्याच उन्हात पातळ पसरून वाळवावेत आणि गार झाल्यावरच मोजावेत. माप हलक्या हाताने भरावे, ठोकू किंवा दाबू नये, वरचा थर सरळ पट्टीने काढून टाकावा आणि तीन वेळा मोजून सरासरी धरावी.

वय सांगणारी खरी परीक्षा वासाची आहे, पण ती अख्ख्या दाण्यावर करू नये. तेल दाण्याच्या आतल्या सूक्ष्म पेशींत बंद असते, त्यामुळे चांगल्या ताज्या मिरीलाही बाहेरून फारसा वास येत नाही, आणि पोत्याचा किंवा शेजारच्या मसाल्याचा वास मात्र जुन्या मिरीलाही लागतो. दोन्ही लॉटमधले दहा-दहा सारख्या आकाराचे दाणे घ्यावेत, जाडसर ठेचावेत, झाकणाच्या दोन स्वच्छ वाट्यांत ठेवावेत आणि पाच मिनिटांनी झाकण उघडून हुंगावेत. ताज्या मिरीचा वास झाकण उघडताच वर येतो. तो तीक्ष्ण असतो आणि त्यात लिंबाच्या सालीसारखी हिरवट छटा जाणवते. शिळ्या मिरीला नुसता लाकडी, धुरकट धुळीसारखा वास येतो, आणि काही वेळा टर्पेंटाइनकडे झुकणारा उग्रपणा येतो, कारण राहिलेल्या तेलाचे हवेशी संयोग होऊन रूप बदललेले असते. त्यानंतर वाट्या अर्धा तास उघड्या ठेवून पुन्हा हुंगावे. ताज्या मिरीचा वास तेव्हाही ओळखण्याइतका राहतो, शिळीचा जवळजवळ उरत नाही. कुबट वास आला, तर प्रश्न वयाचा नसून बुरशीचा आहे, आणि असा माल विकू नये व खाऊही नये.

येथे एक गोष्ट मी आग्रहाने सांगतो, कारण बाजारात फसगत नेमकी येथेच होते. दाणा चावून तिखट लागला म्हणजे मिरी ताजी, असे मानू नये. तिखटपणा पिपरीन या घटकाचा असतो आणि तो तेलासारखा उडून जात नाही, त्यामुळे सुगंध गेलेली दोन-तीन वर्षांची मिरीही जिभेला झोंबते. ठेचताना शिंक येणे हाही पुरावा नाही, कारण कोरडा भुगाही नाकात जाऊन शिंक आणतो.

आता फोडून पाहण्याविषयी. दाणा पाट्यावर ठेवून वरवंट्याने एकच हलका दाब द्यावा. नीट वाळलेला भरीव दाणा टच्च आवाज करून दोन-चार तुकड्यांत फुटतो. तुकड्यांच्या आतला भाग पांढुरका असतो, मधोमध लहानशी पोकळी दिसते आणि काळी साल गराला धरून राहते. दाणा न फुटता चपटा झाला, तर त्यात ओलावा आहे. तो ताजाही असू शकतो आणि पावसात सादळलेला जुनाही, म्हणून पुन्हा वाळवून मगच निर्णय करावा. दाबताच भुगा झाला, आतला भाग करडा किंवा तपकिरी दिसला आणि साल सुटी पडली, तर मिरी जुनी किंवा किडलेली आहे. एका दाण्यावरून काही ठरवू नये. पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून मिळून निदान वीस दाणे फोडावेत.

आपण बाहेरून मिरी विकत घेत असाल, तर चकचकीत काळ्या दाण्यांबद्दल सावध राहावे. जुन्या मालाला खनिज तेल चोळून चमक आणण्याचा प्रकार होतो. डिसेंबर २०१२ मध्ये केरळात वायदेबाजाराच्या गोदामांतील मिरीचा मोठा साठा याच संशयावरून अन्नसुरक्षा यंत्रणेने सीलबंद केला होता. अख्खे दाणे पांढऱ्या कागदावर चोळून तेलकट डाग राहतो का आणि रॉकेलसारखा वास येतो का, हे पाहावे.

आपल्या दोन लॉटपैकी यंदाची मिरी वासाला आणि फोडीला उतरली, तर ती ताजी पण कोवळी म्हणून वेगळी विकावी. जुनी भरीव मिरी तिच्यात मिसळून माप वाढवू नये, कारण वास पाहणारा खरेदीदार मग सगळ्याच मालाला जुन्याचा भाव लावेल. कोवळ्या मिरीला पूर्ण भाव मिळणार नाही, हेही मान्य करावे लागेल. पुढच्या हंगामात घोसातला एखाद-दुसरा मणी तांबूस झाल्यावरच घोस उतरवावेत, मणी उकळत्या पाण्यात एक मिनिट बुडवून वाळवावेत आणि मिरगाच्या आधी आतून प्लॅस्टिक लावलेल्या पोत्यात तोंड घट्ट बांधून ठेवावेत.

एवढ्यानंतरही व्यापाऱ्याशी वाद राहिला, तर दोन्ही लॉटचे पाव-पाव किलो नमुने, न ठेचता, काचेच्या बंद बरणीत भरून प्रयोगशाळेत द्यावेत आणि उडनशील तेल, ओलावा व पोचट दाणे या तीन तपासण्या मागाव्यात.