फॉरवर्डरला नेमकं काय लिहून पाठवायचं?

प्रश्न : इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट मेल केली की निर्यातीचा माल जहाजानं पाठवण्याची व्यवस्था पाहणारा फॉरवर्डर बाकीचं विचारून घेतो. वेगळं सूचनापत्र कशाला?

माल कोणता आणि किती किमतीचा, एवढंच त्या दोन कागदांवरून कळतं. समुद्राचं भाडं कोण भरणार, बिल ऑफ लेडिंग, म्हणजे शिपिंग लाइनची मालाची पावती आणि हक्काचा कागद, कुणाच्या नावानं निघणार, मूळ प्रती किती आणि त्या कुणाकडे द्यायच्या, कोणत्या तारखेपर्यंत माल जहाजावर चढलाच पाहिजे, हे त्यांत नसतं. फॉरवर्डर विचारतो खरं, पण तोवर बऱ्याचदा एसआय कट-ऑफ तोंडावर आलेला असतो. ही बिलाचा तपशील शिपिंग लाइनकडे पोहोचवण्याची शेवटची वेळ. ती टळली की दुरुस्तीचं शुल्क लागतं आणि कधी कधी कंटेनर पुढच्या जहाजावर जातो.

सूचनापत्राच्या डोक्यावर खर्च आणि जोखीम कुणाकडे ते ठरवणारा इन्कोटर्म पूर्ण लिहा : तीन अक्षरं, ठिकाण आणि ‘इन्कोटर्म्स 2020’. त्याखाली भाडं ‘प्रीपेड’ की ‘कलेक्ट’ ते लिहा. भाडं विक्रेत्यानं भरायचा सीआयएफचा सौदा आणि बिलावर ‘फ्रेट कलेक्ट’ असं झालं, तर भाड्याची मागणी खरेदीदाराकडे जाते आणि माल तिकडे अडकून बसतो.

प्रश्न : आमची 400 खोकी 20 पॅलेटवर आहेत. पॅकिंग लिस्टवर 5,280 किलो, बिलाच्या ड्राफ्टवर 5,680. चूक कुणाची?

आकडे दोन्ही बरोबर आहेत, पण दोन वेगळ्या गोष्टींचे. एक खोकं 13.2 किलोचं, म्हणून 400 खोक्यांचे 5,280. पॅलेट 20 किलोचं, म्हणून वीस पॅलेटचे आणखी 400. तुमच्या लिस्टमध्ये पॅलेट धरलेलीच नाहीत. एलसीवर, म्हणजे बँकेच्या पैसे देण्याच्या हमीवर, माल असेल तर यूसीपी 600 या एलसीच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे बँक कागदांतली माहिती एकमेकींशी पडताळते, आणि अशा विसंगतीवर पैसे रोखू शकते. पॅकिंग लिस्टमध्ये दोन ओळी करा : खोक्यांचं एकूण वजन आणि पॅलेटसह एकूण वजन. नगसंख्याही प्रत्येक कागदावर एकाच शब्दांत हवी : ‘20 पॅलेटवर 400 खोकी’. एकीकडे 20 नग आणि दुसरीकडे 400 नग असं होऊ देऊ नका.

व्हीजीएम, म्हणजे भरलेल्या कंटेनरचं खातरीशीर वजन, हा आकडा तिसराच असतो. 1 जुलै 2016 पासून जहाजांच्या सुरक्षेच्या सोलास करारानुसार हे वजन शिपरनं कळवल्याशिवाय कंटेनर जहाजावर चढवत नाहीत. तुमच्या उदाहरणात 5,680, त्यात बांधणी-टेकूचं सामान समजा 40, आणि दारावर लिहिलेलं कंटेनरचं स्वतःचं वजन समजा 3,800 : एकूण 9,520 किलो. घाईत लोक मालाचंच वजन व्हीजीएम म्हणून कळवतात. ओळखायला सोपं आहे : व्हीजीएममधून कंटेनरचं वजन वजा केल्यावर मालाच्या वजनापेक्षा कमी उरलं, तर आकडा चुकलेला आहे.

प्रश्न : खरेदीदार म्हणतो, बिलावर कन्साइनी, म्हणजे माल घेणारा, म्हणून थेट त्याचं नाव टाका. टाकू का?

पूर्ण पैसे हातात आले असतील तर टाका. बाकी असतील तर बिल ‘टू ऑर्डर’ काढा आणि खरेदीदाराला नोटिफाय पार्टी, म्हणजे माल पोहोचल्याची खबर द्यायचा पक्ष, ठेवा. अशा बिलाच्या मागे तुम्ही सही केल्याशिवाय हक्क पुढे सरकत नाही. सी वेबिलची सूचना तर मुळीच देऊ नका, कारण त्यावर मूळ प्रत न दाखवताही माल सोडता येतो. एलसी असेल तर कन्साइनीची ओळ स्वतःच्या मनानं लिहू नका. एलसीतली अक्षरशः उतरवा. आणि सूचनापत्रात हे वाक्य असू द्या : ‘आमच्या लेखी परवानगीशिवाय बिल सरेंडर किंवा टेलेक्स रिलीज करू नये.’ तसं झालं की मूळ प्रत न दाखवताही माल सुटतो, आणि फोनवरच्या बोलण्याला नंतर पुरावा नसतो.

प्रश्न : कागदपत्रांची यादी एकदा तयार केली, तीच दर खेपेला पाठवली तर?

नको. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, मालाच्या वर्गीकरणाचा एचएस कोड आणि व्हीजीएम हा पाया तोच राहील. बाकी माल आणि देशाप्रमाणे बदलतं. लाकडी पॅलेट असतील तर अनेक देशांत लाकडावर कीडनाशक प्रक्रिया झाल्याचा आयएसपीएम 15 चा शिक्का लागतो, आणि तो कागदावर नव्हे तर लाकडावर हवा. फोटो काढून पाठवा. वनस्पतिजन्य माल कीड-रोगमुक्त असल्याच्या फायटोसॅनिटरी प्रमाणपत्रासाठी तपासणी माल निघण्याआधी होते. कंटेनर सील झाल्यावर ते आठवलं तर तो पुन्हा उघडावा लागू शकतो.

म्हणून प्रत्येक कागदापुढे दोन गोष्टी लिहा : तो कोण काढणार आणि कधीपर्यंत. ‘मालाच्या मूळ देशाचं प्रमाणपत्र’ एवढंच लिहिलं की तुम्हाला वाटतं फॉरवर्डर काढेल, त्याला वाटतं तुम्ही. एलसीत वेगळी मुदत दिली नसेल तर मूळ बिलासह द्यायचे कागद शिपमेंटनंतर 21 दिवसांत आणि एलसी संपण्याआधी बँकेत पोहोचले पाहिजेत. तेव्हा मूळ बिल हातात कोणत्या तारखेला हवं, तेही याच यादीत लिहा.