'प्रोप्रायटरी ब्लेंड'ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न : भाच्याने जिमसाठी अमेरिकन पावडरचा डबा आणलाय. त्यावर 'प्रोप्रायटरी ब्लेंड ५ ग्रॅम' आणि खाली सिट्रुलीन, क्रिएटिन, बीटा-अ‍ॅलनिन, कॅफीन एवढंच. मराठीत 'पेटंट मिश्रण' म्हटलं तर चालेल का? (धुळे)

नाही भाऊ, पेटंट नका म्हणू, ते अगदी उलट होईल. पेटंट घ्यायचं तर कृती उघड करावी लागते, इथे झाकलेली आहे. आपल्या दुकानांच्या पाटीवर नावाआधी 'प्रोप्रा.' असतं ना, तोच हा शब्द, म्हणजे मालकाचं स्वतःचं. पण 'मालकीचं मिश्रण' म्हटलं की वाचणाऱ्याला कळायला हवी ती गोष्टच निसटते.

मी 'मोघम मिश्रण' म्हणेन. किराण्याच्या वहीत 'किरकोळ सामान, मोघम ४०० रुपये' लिहितात, बेरीज असते पण तपशील नसतो, तसंच हे. अमेरिकेच्या लेबल नियमात अशा मिश्रणाचं एकूण वजन द्यावं लागतं आणि घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, पण प्रत्येकाचं वजन लिहायची सक्ती नाही. अहिराणीत सांगायचं तर काय शे ते सांगस, कितलं शे ते सांगत नही. नुसतं 'मॅट्रिक्स' किंवा 'कॉम्प्लेक्स' असं नाव दिलेलं असलं आणि खाली एकच आकडा असला तरी मोघमच समजा.

'गोपनीय' मला पटत नाही कारण त्या उतरत्या क्रमातून थोडंफार काढता येतं. तुमच्याच डब्यावर बीटा-अ‍ॅलनिन तिसरं आहे, त्याच्या आधीचे दोन्ही त्याच्याएवढे किंवा जास्त असणार, म्हणजे ५ भागिले ३, जास्तीत जास्त १.६७ ग्रॅम, त्याच्या वर गेलं तर बेरीज ५ मध्ये बसतच नाही. प्रयोगांमध्ये मात्र ते सहसा रोज ३ ते ६ ग्रॅम देतात, आणि तेही काही आठवडे. म्हणजे एका मापात ते कमीच पडणार हे आकडा न छापताही कळलं, आणि मला वाटतं पुष्कळदा महागाचा घटक नावापुरता टाकायला हीच जागा वापरतात.

पण हा हिशोब फक्त वरची हद्द देतो, खालची नाही. कॅफीन चौथं आहे, तर ५ भागिले ४ म्हणजे १.२५ ग्रॅम, १२५० मिलिग्रॅमपर्यंत काहीही असू शकतं! निरोगी मोठ्या माणसाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत ठीक धरतात. इतकं कोणी घालत नसेल हो, पण ५० आहे की ३५० हे लेबल वाचून ठरवताच येत नाही आणि भाचा वरून दोन-तीन चहा पिणारच. लेबलवर कॅफीनचा आकडा दुसरीकडे कुठे वेगळा दिलाय का तेवढं नीट बघा, नसेल तर मी तरी तो डबा त्याला उघडू देणार नाही.