टरफलात १०२ टक्के कॅल्शियम कार्बोनेट? आधी तुमचं डिस्टिल्ड वॉटर तपासा

प्रश्न: अंड्याच्या टरफलातलं कॅल्शियम ईडीटीएने काढतोय. कॅल्शियम कार्बोनेट १०२ टक्के येतंय. सर म्हणतात इंडिकेटर बदलून बघ. ईबीटी वापरू की पॅटन-रीडर? टी.वाय.चा प्रोजेक्ट आहे, सबमिशन पुढच्या आठवड्यात.

उत्तर:

इंडिकेटरचं नंतर सांगते. आधी एक करा. कॉनिकल फ्लास्कमध्ये नुसतं डिस्टिल्ड वॉटर ५० मिली घ्या, २ मिली अमोनिया बफर टाका, चिमूटभर ईबीटी टाका आणि रंग बघा. निळा आला तर पाणी निर्दोष. वाइन रेड आला तर तुमचे जास्तीचे टक्के त्या पाण्यातून येताहेत, टरफलातून नव्हे.

हे मी इतक्या खात्रीने सांगते कारण माझ्या टी.वाय.ला हाच प्रोजेक्ट होता, मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी, आणि आमचंही उत्तर शंभराच्या वर गेलं होतं. आम्ही दोघी पार्टनर. बसस्टँडसमोरच्या अंडा-भुर्जीच्या गाडीवरून पिशवीभर टरफलं आणली आणि निम्मी-निम्मी वाटून घेतली. मी माझी कोमट पाण्यात भिजवून आतला पांढरा पापुद्रा बोटांनी सोलून काढला. दोन संध्याकाळी त्यातच गेल्या, कारण तो कोरडा असताना निघत नाही आणि ओला असताना तुकड्या-तुकड्याने निघतो. पार्टनरने टरफलं नुसती धुतली. मग दोघींनी ओव्हनमध्ये १०५ अंशांवर दोन तास वाळवून, खलबत्त्यात कुटून, प्रत्येकी ०.५००० ग्रॅम पूड वजन केली.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. १:१ हायड्रोक्लोरिक ॲसिड ५ मिली, तेही थेंबाथेंबाने, कारण प्रथिनांमुळे फेस वर चढतो. फेस बसवायला दोन थेंब अल्कोहोल. मग उकळी, गाळणी, आणि २५० मिलीपर्यंत मेकअप. त्यातलं १० मिली पिपेटने घेऊन, ४० मिली पाणी घालून, बफर आणि ईबीटी टाकून ०.०१ मोलर ईडीटीएने टायट्रेशन. १० मिलीमध्ये २० मिलिग्रॅम टरफल असतं आणि १ मिली ईडीटीए म्हणजे १ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट, म्हणून हिशोब तोंडी होतो.

माझा सी.बी.आर., म्हणजे पुन्हा पुन्हा तेच येणारं ब्युरेटचं रीडिंग, आला २०.३ मिली. म्हणजे २० मिलिग्रॅम टरफलात २०.३ मिलिग्रॅम कार्बोनेट, १०१.५ टक्के. पार्टनरचा आला १९.६, म्हणजे ९८ टक्के.

सरांनी दोन्ही वह्या पाहिल्या. पुस्तकात ९४-९५ टक्के दिलंय. पार्टनरच्या आकड्याला ते म्हणाले, "हिचं निदान शंभराच्या आत आहे, हिने नीट काम केलंय." आणि माझ्या २०.३ वर लाल पेनने रेघ मारून वर १९.० लिहिलं. "एवढा ओव्हरशूट होतोच, लिही ९५." मी लिहिलं. तेव्हा बोलले नाही, याचं आजही वाईट वाटतं. सोललेलं टरफल चूक ठरलं आणि न सोललेलं बरोबर.

खरा प्रकार सबमिशनच्या आदल्या दिवशी कळला, तोही योगायोगाने. एंड पॉइंटला नेमका निळा कोणता, यावर आमचा वाद व्हायचा, म्हणून तुलनेसाठी एक निळा फ्लास्क शेजारी ठेवावा असं ठरवलं. पाणी, बफर, ईबीटी. त्यात कॅल्शियम नाहीच, तर रंग सरळ निळा यायला हवा. आला वाइन रेड. मला वाटलं फ्लास्क धुतला नसेल. दुसरा घेतला, तोही लाल. मग ब्युरेटमधून ईडीटीए सोडला आणि बरोबर १.० मिलीला तो निळा झाला.

लॅबचं डिस्टिलेशन युनिट तेव्हा बंद होतं. कॉइल जळाली होती. पाणी बाहेरून २० लिटरच्या कॅनमध्ये यायचं, आणि तोच कॅन एरवी बोअरच्या पाण्यासाठी वापरात असायचा. विचारलं तर कळलं की तळाशी अर्धा-पाऊण लिटर जुनं पाणी राहतं, ते कोणी ओतून देत नाही. आमच्याकडचं बोअरचं पाणी कसं असतं ते तिकडच्या माणसाला सांगायला नको, चहाच्या भांड्याला महिन्याभरात क्षारांचा पांढरा थर बसतो. ते पाणीही मी टायट्रेट केलं. १० मिलीला ५.४ मिली ईडीटीए लागला, म्हणजे लिटरला जवळपास ५३० मिलिग्रॅम कठीणपणा. असं पाऊण लिटर पाणी २० लिटरमध्ये मिसळलं तर लिटरला २० मिलिग्रॅम होतो. आमच्या फ्लास्कमध्ये ते पाणी ५० मिली होतं, त्यात १ मिलिग्रॅम. तोच १.० मिली.

गोष्ट इथे संपत नाही, आणि तुमच्याही बाबतीत संपणार नाही. ईडीटीएचं द्रावणही आम्ही त्याच पाण्यात केलं होतं. लिटरभर द्रावणातला काही ईडीटीए त्या पाण्यातल्या कॅल्शियमनेच आधी अडवून ठेवला होता. म्हणजे बाटलीवर ०.०१ मोलर लिहिलेलं, पण कामाचा उरलेला साधारण ०.००९८. एकाच पाण्याने दोन ठिकाणी चूक केली आणि दोन्ही चुका उत्तर वरच ढकलत होत्या. नुसता ब्लँक, म्हणजे टरफलाशिवायच्या फ्लास्कचं रीडिंग, वजा केला तर पहिली चूक जाते, दुसरी राहते.

म्हणून मी गॅरेजमधून बॅटरीचं पाणी आणलं. आधी त्यात बफर आणि ईबीटी टाकून बघितलं, ते निळं राहिलं. त्या पाण्यात ओव्हनमध्ये वाळवलेलं शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट ०.२५०० ग्रॅम ॲसिडमध्ये विरघळवून २५० मिली केलं. १० मिलीला १०.० मिली लागायला हवा होता, लागला १०.२. म्हणजे आमच्या ईडीटीएचा १ मिली ०.९८ मिलिग्रॅम कार्बोनेटच पकडत होता. मग टरफलाचा हिशोब असा झाला: २०.३ मधून ब्लँकचा १.० वजा, उरले १९.३. गुणिले ०.९८, म्हणजे १८.९ मिलिग्रॅम. टक्केवारी ९४.६.

आणि पार्टनरचं? १९.६ मधून १.० वजा, १८.६. गुणिले ०.९८, १८.२ मिलिग्रॅम, ९१ टक्के. पापुद्रा वजनात धरला गेला आणि त्यात कार्बोनेट नाही, म्हणून तिचं उत्तर खाली. पाण्याने ते वर ढकललं, पापुद्र्याने खाली ओढलं आणि दोघांच्या मध्ये ९८ हा सभ्य दिसणारा आकडा तयार झाला. त्या सभ्य आकड्याला शाबासकी मिळाली होती.

मी कागद घेऊन सरांकडे गेले. त्यांनी वाचला आणि म्हणाले, "९४.६ म्हणजे ९५च की. मग मी वेगळं काय सांगितलं होतं?"

याचं उत्तर मला त्या दिवशी सुचलं नाही, आज देते. लाल पेनने लिहिलेल्या ९५ वरून हे कळत नाही की कॅनचं पाणी खराब आहे, ईडीटीए कमी ताकदीचा आहे आणि एका मुलीने पापुद्रा काढलेला नाही. माझ्या ९४.६ मधून तिन्ही कळतं. त्या वर्षी त्याच पाण्यावर सगळ्या वर्गाने पाण्याच्या कठीणपणाचं प्रॅक्टिकल केलं होतं, आणि कोणाचं रीडिंग जास्त आलं तर त्याने "ओव्हरशूट" असा शेरा मारून कमी केलं होतं. ओव्हरशूट थेंबाचा असतो, १.३ मिलीचा नसतो. तीन रीडिंग ०.१ च्या आत जुळत असतील तर तो हात चुकत नाही, दुसरं काहीतरी चुकतंय.

आता मी एका खाजगी लॅबमध्ये रोज हेच टायट्रेशन करते. ब्लँक नसलेला कागद माझ्या टेबलावरून पुढे जात नाही.

आता तुमचा इंडिकेटर. ईबीटी पीएच १० ला चालतो आणि कॅल्शियम व मॅग्नेशियम दोन्ही मिळून मोजतो. नुसतं कॅल्शियम हवं तर सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच १२ च्या वर न्या, मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड होऊन बाजूला पडतं, आणि मग पॅटन-रीडर वापरा. प्रोजेक्टच्या नावात "कॅल्शियम" असेल तर पॅटन-रीडरच बरोबर. पण टरफलात मॅग्नेशियम कार्बोनेट साधारण टक्काभरच असतं, तुमच्या २० मिलिग्रॅमला पाव मिलीचा फरक. त्याने १०२ चे ९५ होणार नाहीत. इंडिकेटर बदलून हा प्रश्न सुटेल असं तुमच्या सरांना वाटत असेल तर ते चूक आहे.

रंग येऊन परत लालसर होत असेल तर ती वेगळी भानगड आहे. ॲसिडमध्ये विरघळवल्यावर नीट उकळलं नसेल तर कार्बन डायऑक्साइड आत राहतो, बफर पडताच त्याचा कार्बोनेट होतो आणि कॅल्शियम बारीक गाळ होऊन बसतं. तो गाळ हळूहळू विरघळतो आणि निळा झालेला फ्लास्क मिनिटभरात पुन्हा जांभळा होतो. पाच मिनिटं खळखळून उकळा. ॲसिड फार ओतलं असेल तर बफर पुरत नाही, पीएच घसरतो आणि रंग कधी बदलला तेच समजत नाही. बफर टाकल्यावर फ्लास्कमधून अमोनियाचा वास आला पाहिजे. नाही आला तर आधी सौम्य अमोनियाने ॲसिड मारा, मग बफर.

एक गोष्ट उशिरा सांगते आहे. तुमचा पाण्याचा फ्लास्क निळा राहिला तर माझी सगळी कहाणी तुमच्या कामाची नाही. मग ईडीटीए प्रमाणित केला होता का ते बघा, फक्त वजनावरून मोलॅरिटी धरली असेल तर तिथेच दोन टक्के जाऊ शकतात. आणि पाणी दुसरीकडून आणलं तरी ब्लँक घेताना नुसतं पाणी घेऊ नका. टरफलाशिवाय तेवढंच ॲसिड २५० मिली करा, त्यातलं १० मिली घ्या, तेवढंच पाणी आणि तेवढाच बफर टाका. माझा पहिला ब्लँक नुसत्या पाण्याचा होता. दुसऱ्या दिवशी ॲसिडसकट घेतला तेव्हा ०.०५ चाच फरक निघाला, पण तुमच्या ॲसिडची बाटली माझी नाही.

जर्नलमध्ये २०.४ आला असेल तर २०.४च लिहा, शेजारी ब्लँकचा रकाना आखा. सरांना पटलं नाही तर तो लाल फ्लास्क त्यांच्यासमोर करून दाखवा, दोन मिनिटांचं काम आहे.