कागद आणि प्लास्टिक एकत्र असलेल्या वस्तू कुठल्या डब्यात टाकायच्या?

प्रश्न: घरी कागद, प्लास्टिक, धातू, काच आणि उरलेला कचरा असे डबे केलेत. पण कागदी कप, चकचकीत पाकिटं, दुकानातल्या पावत्या यांचं काय करायचं तेच कळत नाही.

उत्तर: आधी बघायचं ते एवढंच, वस्तू हातानं सुटी होते का? होत असेल तर प्रत्येक भाग त्याच्या त्याच्या डब्यात. होत नसेल तर ती बहुतेक वेळा उरलेल्या कचऱ्यातच जाते, मग वरून कितीही कागदासारखी दिसो.

दह्याचा प्लास्टिकचा कप घ्या, ज्याच्याभोवती पुठ्ठ्याची पट्टी असते. पट्टी ओढून काढा आणि कागदात टाका. ती तशीच राहिली तर वर्गीकरणाचं यंत्र प्रकाशाच्या परावर्तनावरून वरचा थर ओळखतं, आणि आतल्या प्लास्टिकसकट अख्खा कप कागदाच्या ढिगात जाऊन पडतो. कप नुसता विसळला तरी पुरे, घासत बसू नका. ॲल्युमिनियमचं झाकण मात्र पूर्ण सोलून काढा. सुटं झाकण इतकं लहान असतं की चाळणीतून खाली पडतं, म्हणून अशी झाकणं साठवून मुठीएवढा गोळा झाला की धातूत टाका.

आता कागदी कप. तो उभा फाडा आणि फाटलेल्या कडेकडे नीट बघा: आतल्या बाजूनं पातळ, पारदर्शक पापुद्रा लोंबताना दिसेल. कागद गिरणीत पाण्यात भिजवून त्याचा लगदा करतात. या पापुद्र्यामुळे आतल्या बाजूनं पाणी शिरत नाही, त्यामुळे नेहमीच्या वेळात तंतू सुटे होत नाहीत आणि तुकडे चाळून फेकून द्यावे लागतात. असे कप आणि ज्यूसचे खोके वेगळे गोळा करून त्यांवर प्रक्रिया करणारे कारखाने असतात. तुमच्याकडे तशी सोय असेल तर ते तिथेच द्या, कागदाच्या डब्यात नको. पत्त्यासाठी पारदर्शक खिडकी असलेल्या टपालाच्या पाकिटाची काळजी नको, ते कागदातच टाका. प्लास्टिकचा तो छोटा तुकडा लगद्यातून सहज वेगळा होतो.

पावतीवर नखानं जोरात रेघ ओढा. काळी रेघ उमटली तर तो उष्णतेनं छपाई होणारा कागद. त्यातली रसायनं, बऱ्याचदा बिस्फेनॉल गटातली, लगद्यात उतरतात. पावती उरलेल्या कचऱ्यात टाका.

चकचकीत पाकीट मुठीत चुरगाळून सोडा. चुरगाळलेलंच राहिलं तर तो धातूचा पत्रा, उलगडून परत फुललं तर धातूचा मुलामा दिलेलं प्लास्टिक. पत्रा धातूत जाईल. मुलामा दिलेलं पाकीट मात्र सहसा उरलेल्या कचऱ्यात, कारण तो थर सोलून निघत नाही.

तेल मुरलेल्या खोक्याचं झाकण बहुधा कोरडं असतं. ते फाडून कागदात टाका. तळ मात्र नको, तेल तंतूंना धरून राहतं आणि पाण्यानं निघत नाही. एवढं करूनही अडलं तर उरलेल्याच डब्यात टाका. कागदाच्या डब्यात चुकून पडलेली तेलकट वस्तू शेजारचा चांगला कागदही खराब करते.