डोकं नंतर, आधी मान बघा

प्रश्न: माझ्या साडेतीन महिन्यांच्या बाळाचं डोकं मागून उजव्या बाजूला चपटं झालंय. झोपताना तो कायम उजवीकडेच तोंड करतो. घरचे म्हणतात, बसायला लागला की आपोआप गोल होईल. खरंच होतं का? की डॉक्टरांना दाखवावं?

दाखवा, आणि याच आठवड्यात दाखवा. डोक्याच्या आकारासाठी एवढी घाई नाही, पण तुम्ही लिहिलेल्या दुसऱ्या वाक्यासाठी नक्की आहे. ‘कायम उजवीकडेच तोंड करतो’ हे वाचलं आणि मला उत्तर लिहायला बसावंच लागलं. कारण हेच वाक्य मी माझ्या मुलाबद्दल भेटेल त्याला सांगत होतो, आणि प्रत्येक जण मला डोक्याबद्दलच उत्तर देत होता.

आमच्या मुलाचंही डोकं उजवीकडेच चपटं होत होतं. ताईचं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचं म्हणणं, ‘तुम्ही त्याला उताणं झोपवता म्हणून झालंय. आमच्या पोरांना आम्ही पालथं झोपवलं, बघ कशी गोल डोकी आहेत.’ बालरोगतज्ज्ञ लस टोचता टोचता म्हणाले, ‘होईल नीट, कूस बदलत राहा.’ आम्ही बदलत होतोच. त्याचा पलंग भिंतीला लागून होता आणि सगळी खोली त्याच्या उजव्या हाताला यायची. म्हणून आम्ही उशाशी-पायथ्याशी अदलाबदल केली. आता खोली, खिडकी, आई, सगळं डावीकडे आलं आणि उजवीकडे उरली नुसती भिंत. हा उपाय चांगलाच आहे. ज्या बाळाला फक्त सवय लागलेली असते ते दोन-चार दिवसांत माणसं दिसतात त्या बाजूला वळायला लागतं.

आमचा मुलगा भिंतीकडे बघत पडून राहायचा.

आईचा आवाज आला की डोळे डावीकडे जायचे, हनुवटी मधोमध येऊन थांबायची, आणि त्याहून पुढे बघायचं झालं की मान न वळता अख्खा खांदाच उचलला जायचा. मग बाकीच्या गोष्टी जुळायला लागल्या. अंघोळ घालताना मानेच्या डाव्या घडीत कायम लाली आणि दुधाचा आंबट वास असायचा, उजवी घडी मात्र स्वच्छ. बायको डाव्या बाजूला पाजायची तेव्हा शांत, उजव्या बाजूला घेतलं की चिडचीड. आणि फोनमधले जन्मापासूनचे फोटो काढून बघितले तर जवळजवळ प्रत्येकात डोकं किंचित डाव्या खांद्याकडे कललेलं आणि हनुवटी उजवीकडे.

याला टॉर्टिकॉलिस म्हणतात. कानामागच्या हाडापासून गळपट्टीच्या हाडापर्यंत दोन्ही बाजूंना एकेक जाड स्नायू उतरतो. त्यातला एक आखडलेला असला की डोकं त्याच्या बाजूला कलतं आणि तोंड विरुद्ध बाजूला वळतं. डावा स्नायू आखडला की बाळ उजवीकडे बघणार, आणि उजवीकडे बघत झोपलं की वजन रोज त्याच जागी पडून उजवी बाजू चपटी होणार. पहिल्या काही महिन्यांत कवटीची हाडं मऊ असतात आणि डोकं झपाट्याने वाढत असतं. जन्मतः साधारण ३५ सेंटीमीटर असलेला घेर सहा महिन्यांत ४३च्या आसपास जातो. वाढणाऱ्या डोक्याला जिथे टेकण मिळतं तिथे ते थांबतं आणि मोकळ्या बाजूला सरकतं. म्हणून चपट्या बाजूचा कान थोडा पुढे आलेला दिसतो, त्याच बाजूचं कपाळही जरा पुढे येतं. वरून बघितलं तर डोकं तिरक्या चौकोनासारखं दिसतं.

सगळ्याच चपट्या डोक्यांमागे मान नसते, पण खूपदा असते. जुळी, दिवस भरायच्या आत जन्मलेली, पोटात अडचणीत राहिलेली किंवा चिमटा-व्हॅक्यूम लावून झालेली बाळं असतील तर जास्तच लक्ष द्यावं. आणि आखडलेली मान नुसती कूस बदलून सुटत नाही. तुम्ही रात्रीतून दहा वेळा डोकं डावीकडे करून ठेवलंत तरी स्नायू ते परत ओढून उजवीकडे नेतो.

घरी बघायचं तर असं बघा. बाळ जागं आणि पोट भरलेलं असताना त्याला उताणं ठेवा. एकाने त्याच्या छातीवर हलका हात ठेवायचा, म्हणजे खांदे हलणार नाहीत. दुसऱ्याने आपला चेहरा किंवा खुळखुळा त्याच्या एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत सावकाश न्यायचा. दोन्हीकडे हनुवटी खांद्यापर्यंत सहज गेली तर उत्तम. एका बाजूला ती अर्ध्यावर थांबत असेल आणि पुढे नुसते डोळेच जात असतील, तर प्रश्न मानेचा आहे. हाताने ढकलून मान वळवून मात्र बघू नका. पहिल्या काही आठवड्यांत मानेच्या त्या बाजूला सुपारीएवढी घट्ट गाठही लागते कधीकधी. ती दिसली तर घाबरू नका, पण डॉक्टरांना नक्की दाखवा.

आम्ही दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी डोक्याकडे बघण्याआधी मान दोन्हीकडे वळवून बघितली, कमरेचे सांधे तपासले (मान आखडलेल्या काही बाळांच्या खुब्यातही दोष असतो) आणि लहान मुलांच्या फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. तिने दोन ताण शिकवले, एक हनुवटी डावीकडे नेण्याचा आणि एक उजवा कान उजव्या खांद्याकडे नेण्याचा. दोन्ही हळूच, बाळ रडायला लागलं की थांबायचं. किती जोर लावायचा हे तिने आमचे हात धरून दाखवलं. व्हिडिओ बघून हे करू नका, लिहून सांगण्यासारखंही ते नाही.

त्याहून जास्त काम मात्र दिवसभरातल्या साध्या गोष्टींनी केलं. त्याच्याशी बोलायचं, दूध दाखवायचं, खुळखुळा हलवायचा, सगळं डावीकडून. कपडे बदलताना मी मुद्दाम त्याच्या डाव्या बाजूला उभा राहायचो. जागेपणी गाडीच्या सीटमध्ये किंवा झोपाळ्यात पडून राहणं जवळजवळ बंद केलं, कारण तिथेही डोकं मागेच टेकलेलं असतं. आणि पोटावर ठेवणं. जागेपणी, कोणीतरी समोर बसलेलं असताना, सुरुवातीला तीन ते पाच मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा, मग वाढवत न्यायचं. जमिनीवर ठेवलं की लगेच रडत असेल तर आपण उताणं पडून त्याला छातीवर घ्या, तेही चालतं. किंवा छातीखाली छोटा टॉवेल गुंडाळून ठेवा आणि दोन्ही कोपर खांद्यांच्या थोडे पुढे आणून द्या, म्हणजे मान उचलायला आधार मिळतो. त्याच वेळी खेळणं डावीकडे ठेवलं की मानेचा व्यायाम आपोआप होतो.

मान आधी सुटली, डोकं बऱ्याच नंतर भरलं. हा क्रम लक्षात ठेवा, नाहीतर महिन्याभराने डोकं तसंच दिसतंय म्हणून सगळं सोडून द्याल. दर महिन्याला केस ओले करून, नाक वरच्या कडेला येईल असा वरून एक फोटो काढा. रोज बघणाऱ्या डोळ्यांना फरक कळत नाही, फोटोत कळतो. आमच्या मुलाचं डोकं पूर्ण गोल झालेलं नाही. हात फिरवला की उजवीकडचा सपाटपणा अजून लागतो, केसांत दिसत नाही.

आता ताईचा मुद्दा. तिच्याशी माझा वाद अजून मिटलेला नाही, म्हणून इथे स्पष्ट लिहितो. उताणं झोपवल्याने चपटी डोकी वाढली हे खरं आहे. अमेरिकेत १९९२मध्ये बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने बाळांना पालथं झोपवू नका असं सांगितलं आणि त्यानंतर अशी डोकी जास्त दिसू लागली. पण त्याच सल्ल्यानंतर झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण तिथे निम्म्याहून खाली आलं. डोक्याच्या गोलाईसाठी बाळाला पालथं झोपवणं हा मूर्खपणा आहे, आणि ‘आमच्या वेळी काही झालं नाही’ हे फक्त ज्यांच्या घरी काही झालं नाही तेच सांगू शकतात. झोप उताणीच, वर्षाचं होईपर्यंत. बाळ स्वतःहून दोन्हीकडे उलटायला लागलं की मग झोपेत त्याला परत उताणं करत बसायची गरज नाही. आणि ताईने आणलेली ती मधे खड्डा असलेली उशी आम्ही एकदाही वापरली नाही. अशा उशांनी श्वास कोंडण्याचा धोका असतो, अमेरिकेच्या एफडीएने २०२२मध्ये त्या वापरू नका असं जाहीर सांगितलंय. पाठीशी टॉवेलची गुंडाळी लावून बाळाला कुशीवर टेकवून ठेवणंही तितकंच वाईट.

‘आपोआप होतं का’ याचं उत्तर राहिलंच. मान मोकळी असेल आणि चपटेपणा थोडा असेल तर बहुतेकदा बरंच सुधारतं, कारण बाळ बसायला लागलं की डोकं टेकलेलंच राहत नाही. मान आखडलेली असेल तर वाट बघणं म्हणजे हातातला चांगला काळ घालवणं. तीन महिन्यांच्या आत व्यायाम सुरू झाले तर कमी दिवसांत भागतं, सहा महिन्यांनंतर तेच काम रेंगाळतं. मेंदूची काळजी करू नका, झोपण्याने आलेल्या चपटेपणामुळे मेंदू दाबला जात नाही.

डोक्याला आकार देण्यासाठी बाळाला घालतात त्या हेल्मेटबद्दल कोणीतरी सांगेलच. नेदरलँड्समध्ये ८४ बाळांवर झालेला अभ्यास २०१४मध्ये छापून आला. मध्यम ते बऱ्यापैकी चपटेपणा असलेली, पण मान न आखडलेली बाळं त्यात होती, आणि हेल्मेट घातलेल्या व न घातलेल्या बाळांत दोन वर्षांच्या वयाला फरक दिसला नाही. अगदी जास्त वाकडेपणा असेल तर तज्ज्ञ आजही हेल्मेट सुचवतात, आणि ते द्यायचं तर वाढ जोरात असतानाच, म्हणजे साधारण चार ते बारा महिन्यांत, त्यातही लवकर. म्हणून पाच-सहा महिन्यांपर्यंत मनापासून सगळं करूनही आकार सुधारत नसेल, तर वर्ष उलटेपर्यंत थांबू नका.

काही गोष्टी दिसल्या तर मात्र फिजिओ वगैरे बाजूला ठेवून थेट लहान मुलांच्या न्यूरोसर्जनकडे जा. चपट्या बाजूचा कान पुढे न येता मागे किंवा खाली ओढलेला असेल, कवटीच्या सांध्यावर बोटाला कडक उंचवटा लागत असेल, जन्मापासूनच आकार विचित्र असून वाढतच चालला असेल किंवा डोक्याचा घेर वाढायचा थांबला असेल, तर कवटीचा सांधा वेळेआधी जुळलेला असू शकतो. हे दुर्मीळ आहे, पण ते कूस बदलून बरं होत नाही, बऱ्याचदा शस्त्रक्रिया लागते. टाळू फुगलेली, सारख्या उलट्या, गळून गेलेलं बाळ असं काही असेल तर त्याच दिवशी दवाखाना.

मी डॉक्टर नाही. मान एका बाजूला राहण्याची कारणं स्नायूशिवाय दुसरीही असतात, डोळ्यांची किंवा मानेच्या मणक्यांची, म्हणून ताण द्यायला सुरुवात तपासणीनंतरच करा. डॉक्टरांकडे जाताना जन्मापासूनचे समोरून काढलेले चार-पाच फोटो बरोबर न्या आणि ‘डोकं बघा’ असं न म्हणता ‘मान दोन्हीकडे वळवून बघा’ असं सांगा.