डाउनटाइम म्हणजे नक्की किती मिनिटं?

«मॅडम, मी एम.बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुण्यातल्या एका कंपनीत व्हेंडर मॅनेजमेंटची इंटर्नशिप सुरू आहे. इंटरनेट लीज्ड लाइनचा बेचाळीस पानी करार हातात देऊन साहेब म्हणाले, ‘याचं स्कोअरकार्ड बनव.’ मी शेवटच्या परिशिष्टातला तक्ता एक्सेलमध्ये उतरवला, तर म्हणाले, ‘हे टायपिंग झालं.’ काय चुकलं? आणि कायद्याची पदवी नसताना या कामात पुढे जाता येतं का?»

तक्ता उतरवलास, पण त्या तक्त्यातला ‘डाउनटाइम’ हा शब्द ठरतो व्याख्यांच्या कलमात, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या पानावर. तिथे बहुधा लिहिलेलं असतं की लाइन बंद पडली तेव्हापासून नव्हे, तर तुम्ही तक्रार नोंदवून तिकीट नंबर घेतला तेव्हापासून वेळ मोजायची. अपवाद तर विखुरलेलेच असतात: नियोजित देखभाल एका कलमात, ग्राहकाच्या बाजूचा बिघाड दुसऱ्यात, नैसर्गिक आपत्ती तिसऱ्यात. त्यामुळे आधी व्याख्या, मग अपवाद आणि शेवटी तक्ता, असं वाचायचं.

एक नमुना घे. आकडे मी सोयीचे धरलेत. भाडं महिन्याला 80,000 रुपये. महिन्यातला 99.5 टक्के वेळ लाइन चालू राहील ही हमी. त्याखाली गेलं तर भाड्याच्या 5 टक्के वजावट, 99 च्याही खाली गेलं तर 10 टक्के. देखभाल वगळायची, पण 48 तास आधी लेखी सूचना दिली असेल तरच. जून महिन्याची मिनिटं 43,200, म्हणजे 216 मिनिटांपर्यंत बंद चालतं.

त्या महिन्यात लाइन तीनदा गेली. देखभालीसाठी 180 मिनिटं, आपल्या ऑफिसचा यूपीएस बसला म्हणून 130 मिनिटं आणि एकदा पहाटे 4.10 ते 9.10, म्हणजे 300 मिनिटं. आपलं मॉनिटरिंग म्हणणार 610 मिनिटं, 98.59 टक्के, 10 टक्के कापा. व्हेंडरचा रिपोर्ट देखभाल आणि यूपीएस दोन्ही वगळणार, पहाटेच्या बिघाडाची 6.50 ला तिकीट काढल्यापासूनची 140 मिनिटंच धरणार आणि 99.68 टक्के दाखवून मोकळा होणार.

करारानुसार दोघंही चूक. यूपीएसची 130 मिनिटं वगळायची, ती आपली चूक. पहाटेची 140 धरायची, कारण घड्याळ तिकिटाला बांधलेलं आहे. पण देखभालीची सूचना देणारा ईमेल काढून पाहिला तर तो 30 तास आधीचा निघाला! मग ती 180 मिनिटं वगळता येत नाहीत. एकूण 320 मिनिटं, 99.26 टक्के, वजावट 4,000 रुपये.

म्हणून स्कोअरकार्डात हमीच्या प्रत्येक ओळीपुढे कलम क्रमांक, घड्याळ कधी सुरू आणि कधी बंद, आणि दंड कसा काढायचा हे हवं. पण माझ्या मते सगळ्यात मोलाचा रकाना आहे ‘अपवादाचा पुरावा’. व्हेंडरने मिनिटं वगळली की तिथे ईमेलची तारीख-वेळ किंवा यूपीएसचा लॉग लागलाच पाहिजे. रकाना रिकामा असेल तर ती मिनिटं बंद वेळेत धरून व्हेंडरला खुलासा मागायचा. तू केलेल्या तक्त्यात नेमकी हीच जागा नव्हती.

एक्सेलची एक खोड लक्षात ठेव. 218 मिनिटं बंद म्हणजे 99.4954 टक्के, हमी मोडली. पण सेलमध्ये एकच दशांश ठेवलास तर पडद्यावर 99.5 दिसतं आणि सगळे पुढे जातात. तुलना मिनिटांतच करायची. जुलैला 31 दिवस असतात, तेव्हा मर्यादा 223.2 मिनिटं होते, म्हणून 216 हा आकडा हाताने टाकू नकोस:

```
=IF(B2 > C2*24*60*(1-0.995), "हमी मोडली", "ठीक")
```

B2 मध्ये करारानुसार मोजलेली बंद मिनिटं, C2 मध्ये महिन्याचे दिवस.

आणखी दोन गोष्टी शोध. एक, वजावटीची कमाल मर्यादा. दुसरी, दावा किती दिवसांत लेखी करायचा. मी नोकरीत होते तेव्हा एका कंपनीत आमचे तीन महिन्यांचे दावे हिशेब बरोबर असूनही बुडाले. मुदत पंधरा दिवसांची होती आणि आम्ही तिमाही बैठकीची वाट पाहत बसलो. तेव्हापासून ‘दाव्याची शेवटची तारीख’ हा रकाना मी पहिल्याच पडद्यावर दिसेल असा ठेवते.

पदवीचं म्हणशील, तर या कामाला एल.एल.बी. लागत नाही. कलमाचा अर्थ वादात गेला की फाइल लीगलकडे जाते. भारतीय करार कायदा, 1872 मधलं कलम 74 मात्र वाचून ठेव. करारात लिहिलेली रक्कम ही भरपाईची कमाल मर्यादा असते आणि न्यायालय त्याच्या आत वाजवी वाटेल तेवढीच देतं. व्हेंडर दंडावरून भांडायला लागला की याच कलमाचं नाव ऐकशील.

मुलाखतीला दाखवायला कंपनीचा करार घरी नेऊ नकोस, गोपनीयतेचं कलम तुझ्यावरही लागू आहे. महाराष्ट्र शासनाच्या महाटेंडर्स या संकेतस्थळावर सरकारी आयटी कामांच्या निविदा पाहायला मिळतात. बऱ्याच निविदांत सेवा-हमी आणि दंडाचं वेगळं प्रकरण असतं. त्यातली एक उतरव, आणि सुरुवात व्याख्यांच्या पानापासून कर.